सोसायटीच्या वेबसाइटचा मेन्यू कमिटीने ठरवायचा की रहिवाशांनी?

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीची वेबसाइट करायचं ठरलं. मी वेबसाइटच्या रचनेचंच काम करतो, त्यामुळे ते आपोआप माझ्या गळ्यात आलं. सचिवांनी मेन्यूचा कागद आधीच तयार ठेवला होता. त्यावर सात मथळे होते: ‘कमिटी’, ‘लेखा’, ‘कार्यालयीन’, ‘सभासद’, ‘सुविधा’, ‘परिपत्रके’ आणि ‘इतर’. प्रत्येकाखाली चार-पाच गोष्टी. मांडणी नीट होती, पण कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. ऑफिसात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या लोखंडी कपाटाच्या कप्प्यांना हीच नावं चिकटवलेली होती, याच क्रमाने.

कपाट लावणाऱ्याला फाइल कुठे आहे ते ठाऊक असतं. वेबसाइटवर येणाऱ्याने ते कपाट कधी उघडलेलंच नसतं. त्याला मेंटेनन्स भरायचा असतो, आणि ‘लेखा’ या शब्दामागे मेंटेनन्स दडलाय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

या अडचणीसाठी कार्ड सॉर्टिंग नावाची जुनी, स्वस्त पद्धत आहे. वेबसाइटवर जे जे असणार आहे ते एकेका कार्डावर लिहायचं, कार्डं पिसायची आणि वेबसाइट वापरणाऱ्या माणसापुढे ठेवायची. त्याला जे एकत्र असावंसं वाटतं त्याचे तो गठ्ठे करतो आणि मग प्रत्येक गठ्ठ्याला आपल्या शब्दांत नाव देतो. याला खुलं सॉर्टिंग म्हणतात, कारण गठ्ठे किती आणि कोणते हे आपण आधी सांगत नाही. दुसरा प्रकार बंद सॉर्टिंगचा. त्यात मथळे आपण देतो आणि माणूस कार्डं त्यांच्याखाली लावतो. मेन्यू अजून ठरायचा असेल तेव्हा खुलंच करावं. बंद प्रकाराने सुरुवात केली तर सचिवांचं कपाटच परत हातात पडतं, फक्त रहिवाशांच्या सहीसकट.

आमची यादी छाटून २८ कार्डं उरली. साधारण ३० ते ५० कार्डं सोयीची पडतात. फार कमी असली तर गठ्ठेच होत नाहीत, आणि साठच्या पुढे माणूस कंटाळून कुठेही टाकायला लागतो. कार्डाच्या मागे क्रमांक घातला, म्हणजे नंतर फोटो काढून नोंद करता येते. बरोबर दहा-बारा कोरी कार्डं आणि एक जाड पेन. काही माणसं सोसायटीच्या ऑफिसात आली, काहींच्या घरी मी गेलो. बहुतेकांना पाऊण तास लागला, आणि त्यातली दहा मिनिटं चहाची.

सुरुवातीला एवढंच सांगायचं: “तुम्हाला जे एकत्र वाटेल ते एकत्र ठेवा. यात चूक-बरोबर नाही. काय विचार करताय ते बोलत राहा. कळलं नाही ते कार्ड बाजूला ठेवा.” मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. “हे कुठे ठेवू?” असं विचारल्यावर आपण नकळत कार्डाकडे बोट दाखवतो आणि तिथेच खेळ संपतो. मी उलट विचारायचो, “तुम्हाला काय वाटतं?”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाच मिनिटांत दोनच गठ्ठे केले आणि हात झटकले. एकाला नाव दिलं ‘मी करायचं ते’, दुसऱ्याला ‘त्यांनी करायचं ते’. मी म्हटलं, “काकू, पहिला गठ्ठा जरा मोठा आहे, त्यात अजून काही वेगळं करता येईल का?” त्या म्हणाल्या, “येईल की, पण सोसायटीत राहायचं म्हणजे एवढंच असतं रे.” मेन्यूसाठी दोन गठ्ठे पुरत नाहीत, पण त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं. काही माणसं अशी ढीग करणारी असतात, तर काही चौदा गठ्ठे करणारी. दोघांचेही निकाल मोजायचे, फक्त कोणा एकाच्या निकालावर मेन्यू बांधायचा नाही.

आता जिथे मी स्वतः आपटलो ते सांगतो.

खरी बैठक सुरू करण्याआधी सहा जणांबरोबर चाचणी घेतली. आमच्याकडे मराठी आहेत, गुजराती आहेत, तमिळही आहेत, म्हणून कार्डांचे दोन संच केले होते: एक मराठी, एक इंग्रजी. चौघांनी मराठी संच घेतला, दोघांनी इंग्रजी. मराठी संचात ही तीन कार्डं होती: ‘पाण्याच्या वेळा’, ‘पाणीगळतीची तक्रार’ आणि ‘पाण्याच्या टँकरचा खर्च’. चौघांपैकी तिघांनी ती एकत्र ठेवली आणि गठ्ठ्याला नाव दिलं ‘पाणी’. मला आनंद झाला. लोकांना पाण्याचा वेगळा मथळा हवाय, मुंबईत तो हवाच, वगैरे. पण इंग्रजी संचवाल्या दोघांनी गळती लिफ्टच्या तक्रारीशेजारी ठेवली, टँकरचा खर्च हिशेबाच्या गठ्ठ्यात आणि वेळा नोटीस बोर्डाच्या गठ्ठ्यात.

माणसं वेगळी होती, पण एवढी वेगळी नव्हती. फरक शब्दात होता. इंग्रजीत गळतीच्या कार्डावर पाण्याचा शब्दच नव्हता, मराठीत तो होता. माणसाने विषय जुळवला नव्हता, कार्डावरचं अक्षर जुळवलं होतं. छतातून पाणी ठिबकत असताना कोणी पाण्याच्या वेळापत्रकाच्या पानावर जात नाही. कार्ड सॉर्टिंगमधला हा सगळ्यात नेहमीचा सापळा आहे, आणि तो सहज सापडत नाही, कारण निकाल छान, एकमताचा दिसतो. एखाद्या गठ्ठ्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि त्यातल्या सगळ्या कार्डांवर एकच शब्द असला, तर आधी संशय घ्यायचा.

मी कार्डं बदलली: ‘छत किंवा भिंत ठिबकते आहे हे कळवणं’, ‘पाण्याच्या वेळा’ आणि ‘टँकर मागवल्याचा खर्च’. तीन कार्डांवर ‘फॉर्म’ हा शब्द होता, तोही काढला, कारण नॉमिनेशन, पार्किंग आणि हॉल बुकिंग यांचा एक ‘फॉर्म्स’ नावाचा गठ्ठा तयार होत होता. सरकारी वेबसाइटवर ‘अर्ज’ नावाचा मथळा असतो आणि त्याखाली जगातलं सगळं असतं, ते बहुधा असंच होत असावं.

दुसरा धडा ‘उपविधी’ या कार्डाने दिला. चाचणीत मराठी संचवाल्या चौघांनीही ते बाजूला ठेवलं. एक आजोबा म्हणाले, “हे विधी म्हणजे पूजा का?” मी कार्डावर ‘बायलॉज’ लिहिलं आणि पुढे ते निमूटपणे नियमांच्या गठ्ठ्यात जाऊ लागलं. ‘इतिवृत्त’चं ‘मीटिंगचे मिनिट्स’ झालं. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी मला माफ करावं, पण माणूस ज्या नावाने वस्तू मागतो तेच नाव कार्डावर हवं. चाचणीतले सहा निकाल मी बाजूला ठेवले आणि नव्या कार्डांवर १५ जणांबरोबर बसलो.

पंधराच का? टॉम टुलिस आणि लॅरी वूड यांचा २००४ सालचा एक अभ्यास आहे. त्यात १६८ जणांनी सॉर्टिंग केलं होतं. मग त्यांनी पाहिलं की त्यांतले थोडेच जण घेतले असते तर निकाल पूर्ण निकालाच्या किती जवळ गेला असता. दोन निकाल तंतोतंत जुळले तर सहसंबंध १ येतो; पाच जणांच्या निकालाचा पूर्ण निकालाशी तो ०.७५ येत होता, पंधरा जणांचा ०.९० आणि तीस जणांचा ०.९५. याच आकड्यांवरून वेबसाइटच्या वापरसुलभतेवर लिहिणारे जेकब नील्सन यांनी पंधराची शिफारस केली. पंधरापासून तीसपर्यंत जायला मेहनत दुप्पट लागते आणि हातात थोडंसंच पडतं. पण यात एक अट लपलेली आहे: हे पंधरा जण एकाच तऱ्हेने विचार करणारे असावेत. तिकडे येतोच.

पंधरा जणांचे गठ्ठे जमले की नुसतं बघून काही कळत नाही. मोजायची गोष्ट गठ्ठा नाही, जोडी आहे. कोणत्याही दोन कार्डांबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ही दोन कार्डं किती जणांनी एकाच गठ्ठ्यात ठेवली? २८ कार्डांच्या अशा ३७८ जोड्या होतात. हाताने मोजणं शक्य नाही, पण साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. प्रत्येक ओळीत एक कार्ड, प्रत्येक स्तंभात एक माणूस, आणि चौकटीत त्या माणसाच्या कितव्या गठ्ठ्यात ते कार्ड होतं तो आकडा. पंधरा माणसं B ते P या स्तंभांत बसतात. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या कार्डांची जोडी अशी मोजायची:

```
=SUMPRODUCT(--(B2:P2=B3:P3))
```

यात एक खोड आहे. बाजूला ठेवलेल्या कार्डाची चौकट रिकामी सोडली, तर दोन रिकाम्या चौकटी सूत्राला सारख्याच वाटतात आणि कोणालाच न कळलेली दोन कार्डं जिवलग मित्र म्हणून पुढे येतात. ‘इतर’ गठ्ठ्याचंही तसंच. ‘इतर’मध्ये टाकलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात म्हणून तिथे गेलेल्या नसतात, कुठेच जुळत नाहीत म्हणून गेलेल्या असतात. म्हणून अशा प्रत्येक कार्डाला वेगळा, दुसरीकडे न वापरलेला आकडा द्यायचा. पहिल्यांदा मी हे विसरलो होतो, आणि गणपतीची वर्गणी आणि पाळीव प्राण्यांचे नियम यांची घट्ट जोडी दिसली तेव्हा ध्यानात आलं.

आकडे आल्यावर सोपं ते लगेच दिसतं. ‘मेंटेनन्स भरणं’ आणि ‘जुन्या पावत्या’ १५ पैकी १४ जणांनी एकत्र ठेवल्या. त्यावर चर्चा नको. ‘नॉमिनेशन’ आणि ‘शेअर सर्टिफिकेट’ १३. लिफ्ट बंद असल्याचं कळवणं आणि भिंत ठिबकत असल्याचं कळवणं १४. अशा घट्ट जोड्यांपासून सुरुवात करायची आणि हळूहळू सैल जोड्या त्यांना जोडत जायच्या. सॉफ्टवेअर हेच करून झाडाच्या फांद्यांसारखी आकृती काढून देतं. कमी कार्डांना वही-पेन्सिल पुरते.

गठ्ठ्यांची नावंही एका कागदावर उतरवली. पैशाच्या गठ्ठ्याला ११ जणांनी दिलेल्या नावात ‘मेंटेनन्स’ हा शब्द होता. ‘लेखा’ एकानेही म्हटलं नाही, खजिनदारांनीसुद्धा नाही. मथळा तिथेच ठरला.

खरा वेळ जातो तो मधल्या आकड्यांवर. पंधरापैकी सहा, सात, आठ. तिथे माणसांचं मत फुटलेलं असतं, आणि का फुटलं ते आकडा सांगत नाही. म्हणून बोलायला लावायचं आणि लिहून ठेवायचं. ‘पार्किंग’ या कार्डाची कोणाशीच पाचच्या वर जोडी नव्हती. वही उघडली तर कळलं की प्रत्येकाने त्या शब्दात वेगळी गोष्ट वाचली होती. कोणाच्या मनात जागांची सोडत होती, कोणाच्या मनात गाडीचं स्टिकर, आणि एकाच्या मनात शेजाऱ्याची आडवी लावलेली स्कूटर, म्हणून त्याने ते तक्रारींत टाकलं होतं. कार्डच चुकलं होतं. एका कार्डावर तीन गोष्टी होत्या, त्या वेगळ्या केल्या.

आता ती लपलेली अट. माझ्या पंधरांत ९ जण स्वतःच्या घरात राहणारे होते आणि ६ भाडेकरू. ‘भाडेकरूची नोंदणी’ आणि ‘पोलीस पडताळणी’ ही जोडी १० जणांनी एकत्र ठेवली होती. पंधरात दहा म्हणजे चांगलं, असं म्हणून मी पुढे गेलोही होतो. संध्याकाळी सहज दोन गट वेगळे करून पाहिले. मालकांत ९ पैकी ९ आणि भाडेकरूंत ६ पैकी १. बेरजेत जे मध्यम एकमत दिसत होतं ते मुळात दोन अगदी वेगळी मतं होती. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी घरमालकावर असते, त्यामुळे मालकाच्या डोक्यात ‘फ्लॅट भाड्याने देणं’ नावाचं एक काम असतं आणि ही दोन्ही कार्डं त्याचे तुकडे असतात. भाडेकरूच्या लेखी नोंदणी म्हणजे राहायला येतानाची खटपट. सहापैकी पाच जणांनी ती ‘सामान आत आणण्याची परवानगी’ या कार्डाबरोबर ठेवली होती. एक मुलगी म्हणाली, “टेम्पो गेटवर उभा असतो आणि वॉचमन म्हणतो आधी नोंदणी. मला हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहिजे.”

इथे सरासरी काढून उपयोग नव्हता. आम्ही ‘भाडेकरू’ नावाचा मथळा केला आणि त्यात दोनच ओळी ठेवल्या: ‘फ्लॅट भाड्याने देताय’ आणि ‘भाड्याने राहायला येताय’. नोंदणी दोन्हीकडे दिसते, पान एकच आहे. दोन तऱ्हेची माणसं असतील तर प्रत्येक तऱ्हेची पुरेशी माणसं बोलवायला हवीत. सहा भाडेकरू खरं तर कमीच होते. पण भाडेकरूंना सोसायटीच्या कामासाठी बोलावलं की त्यांना वाटतं काहीतरी दंड असणार. एवढे जमले तेच पुष्कळ.

शेवटचं उदाहरण ना-देय दाखल्याचं, म्हणजे सोसायटी जो ‘नो ड्यूज’चा कागद देते त्याचं. ८ जणांनी तो मेंटेनन्सच्या गठ्ठ्यात ठेवला आणि ७ जणांनी शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे घराच्या कागदांच्या. यात मालक-भाडेकरू असा काही भेद नव्हता. मी आठाच्या बाजूने गेलो आणि तो ‘मेंटेनन्स’खाली घातला. एका मताने निवडणूक जिंकल्यासारखं.

पण कार्ड सॉर्टिंग संपलं म्हणजे मेन्यू तपासून झाला असं नाही. गठ्ठे करताना माणूस सगळी कार्डं समोर पसरून निवांत विचार करत असतो. वेबसाइटवर तो घाईत असतो आणि त्याला एकच गोष्ट शोधायची असते. म्हणून नंतर उलट परीक्षा घ्यायची. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसता मेन्यूचा कागद. वरचे मथळे दाखवायचे, त्याने एक निवडला की त्याच्या आतल्या ओळी दाखवायच्या. याला ट्री टेस्टिंग म्हणतात. माणसं नवी घ्यायची, कारण जुन्यांना कार्डं पाठ झालेली असतात. आणि प्रश्नात मेन्यूतला शब्द येऊ द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा पाण्याच्या गठ्ठ्याची गंमत. “ना-देय दाखला कुठे मिळेल?” असं विचारलं तर माणूस ‘दाखला’ हा शब्द शोधतो. मी विचारलं, “फ्लॅट विकायला काढलाय. सोसायटीचं काही देणं बाकी नाही असं लेखी पाहिजे. कुठे जाल?”

दहा जणांना विचारलं. तिघे ‘मेंटेनन्स’कडे गेले, सात जण सरळ ‘घराचे कागद’कडे.

गठ्ठे करणाऱ्यांनी कार्डावरचं ‘देय’ वाचलं आणि त्यांना पैसे आठवले. विकायला निघालेल्याला मात्र फक्त कागद दिसतो, कारण पैसे त्याने भरलेलेच असतात. मी दाखला ‘घराचे कागद’खाली हलवला आणि मेंटेनन्सच्या पानावर, थकबाकी शून्य दिसते त्या ओळीच्या शेजारीच, त्याची लिंक दिली. सचिवांना बदल दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “आठ मतं मेंटेनन्सला होती ना?” मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, पंधरांचा आणि दहांचा. ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग ‘बायलॉज’ला निदान कंसात ‘उपविधी’ लिहा म्हणाले. तेवढं लिहिलं.